'अ रेड बिग कार' : व्याकरणाची चूक की कानाला खटकणारी रचना?

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा कुणालाही 'अ रेड बिग कार' ऐकवा. तो लगेच 'अ बिग रेड कार' असं दुरुस्त करील. कारण विचारलं तर बहुधा एवढंच म्हणेल, की असं म्हणत नाहीत. आज मला या 'असं म्हणत नाहीत'बद्दल बोलायचं आहे. भाषेचा नियम मोडला म्हणून असं म्हणत नाहीत, की नियम शाबूत असूनही तसं म्हणायची वेळ क्वचितच येते म्हणून? ऐकणाऱ्याला दोन्ही वेळी सारखंच खटकतं, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक भाषाविज्ञानात जुना आहे. 'कलरलेस ग्रीन आयडियाज स्लीप फ्यूरियसली' हे भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांचं 1957 सालचं वाक्य तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याला धड अर्थ नाही, तरी इंग्रजीच्या वाक्यरचनेत ते चोख बसतं. 1965 साली त्यांनी आणखी एक भेद ठळक केला : वाक्य व्याकरणात बसतं का हा एक प्रश्न, आणि ते ऐकणाऱ्याला पटतं का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला थेट मिळतं, कारण कान ते सांगतो. पहिल्याचं उत्तर अनुमानानेच काढावं लागतं. खटकण्यामागे स्मरणशक्तीची मर्यादा असेल, अर्थाचा विसंवाद असेल, नुसती सवय असेल किंवा खरोखरच नियमभंग असेल. यातलं नेमकं काय, हे कान सांगत नाही.

मराठीतली एक जोडी घेतली की हे लख्ख दिसतं. 'लाल मोठी गाडी' आणि 'लाल मोठा गाडी'. पहिली रचना किंचित अडखळते, सहज बोलताना आपण 'मोठी लाल गाडी' म्हणू. दुसरी मात्र अडखळण्याच्या पलीकडची आहे. 'लाल' हे अविकारी विशेषण, त्याचं रूप बदलत नाही. 'मोठा' विकारी आहे आणि त्याला विशेष्याचं लिंग घ्यावंच लागतं. 'लाल मोठा गाडी' योग्य ठरेल असा एकही प्रसंग तुम्हाला रचता येणार नाही. आवाज चढवा, मध्ये थांबा, आधीचं संभाषण हवं ते ठेवा, ती रचना सुधारत नाही. नियमभंगाची ओळख मला इथे दिसते : तो प्रसंगाने दुरुस्त होत नाही.

आता हीच कसोटी इंग्रजीतल्या गाडीला लावू. समजा, वाहनतळावर चार गाड्या आहेत : दोन मोठ्या, दोन लहान. मोठ्यांपैकी एक लाल, एक निळी. कुणीतरी विचारतं, मोठ्या गाड्यांपैकी तुझी कोणती? उत्तर येतं, 'द रेड बिग कार', आणि सगळा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'रेड'वर. मोठ्या गाड्यांचा गट आधीच ठरलेला आहे, त्यातली लाल एवढंच सांगायचं आहे. इथे ही रचना अनेकांना बरीच सुसह्य वाटते. आता त्याच प्रसंगात 'द रेड बिग कार्स इज माइन' म्हणून पाहा. आघात कुठेही द्या, अनेकवचनाशी 'इज' जुळत नाही ते नाहीच. म्हणजे एक रचना प्रसंगाने सावरली, दुसरी नाही. दोन्हींवर 'व्याकरणाची चूक' ही एकच चिठ्ठी लावणं मला म्हणूनच मान्य नाही.

याहून भक्कम पुरावा 'बिग कॅट'मध्ये सापडतो. इंग्रजीत 'बिग कॅट' म्हणजे आकाराने मोठं मांजर असं नव्हे. वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार या कुळातल्या मोठ्या प्राण्यांचा तो गट आहे. 'अ बिग ब्लॅक कॅट' ऐकलं तर डोळ्यांसमोर अंगापिंडाने थोराड असं काळं घरगुती मांजर येतं. काळ्या बिबट्याबद्दल गटाचं नाव राखून बोलायचं, तर 'अ ब्लॅक बिग कॅट' असंच म्हणावं लागतं. इथे रंग आधी आणि आकार नंतर, म्हणजे आपल्या लाल गाडीचाच क्रम, आणि तरी काही खटकत नाही. आकाराच्या शब्दापूर्वी रंगाचा शब्द येऊच नये असा शब्दांच्या रांगेवरचा नियम असता, तर हे शक्य झालं नसतं.

मराठी मंडईतही हेच चालतं. 'ढोबळी' हा शब्द मुळात आकारमानाचा, पण 'ढोबळी मिरची' ही एक जात झाली. त्यामुळे आपण 'लाल ढोबळी मिरची' म्हणतो. 'ढोबळी लाल मिरची' म्हटलं की भाजीवाला थबकेल, आणि कदाचित साधी लाल मिरची पुढे करील. विशेषण नामाला इतकं चिकटलं की दोघांचं मिळून एक नाव होतं, आणि रंग त्या अख्ख्या नावाच्या बाहेर बसतो.

कादंबरीकार टॉल्किन यांनी 1955 साली कवी ऑडन यांना लिहिलेल्या पत्रात लहानपणची एक आठवण आहे. सातएक वर्षांचे असताना त्यांनी ड्रॅगनची गोष्ट लिहिली. त्यात 'अ ग्रीन ग्रेट ड्रॅगन' होता. आईने सांगितलं, असं म्हणता येत नाही, 'अ ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणायचं. का, हे कोडं त्यांना पुढेही सुटलं नव्हतं. आईचा कान बरोबर होता. पण त्या गोष्टीच्या जगात 'ग्रेट ड्रॅगन' ही ड्रॅगनांची वेगळी जात असती, तर मुलाचाही क्रम बरोबर ठरला असता.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण ते वजनदार आहे. इटालियन भाषाविद गुल्येल्मो चिंक्वे आणि त्यांच्या वाटेने जाणारे अभ्यासक म्हणतात, की नामाभोवती विशेषणांच्या जागा वाक्यरचनेतच ठरलेल्या असतात : मत बाहेर, मग आकार, मग रंग, आणि आत मूळ देश, पदार्थ वगैरे. 'रेड बिग कार' चालते तेव्हा ती त्या साध्या रचनेतून आलेलीच नसते. आघातामुळे 'रेड' आपली जागा सोडून पुढे सरकलेलं असतं, किंवा 'जी लाल आहे अशी' या अर्थाचं आखूड उपवाक्य होऊन बाहेर बसलेलं असतं. या मताला चिनी भाषेचा आधार मिळतो. स्प्रोट आणि शिह यांनी 1991 साली दाखवलं, की मँडरिनमध्ये विशेषण नामाला थेट जोडलं तर 'छोटी हिरवी फुलदाणी' हाच क्रम चालतो. मध्ये 'द' हा जोडशब्द घातला की क्रम मोकळा होतो. आपल्याकडेही 'लाल मोठी गाडी' अडखळते, पण 'लाल रंगाची मोठी गाडी' सहज जाते.

मग प्रश्न असा होतो : व्याकरण कशाला लावायचं, शब्दांच्या ओळीला की त्या ओळीमागच्या रचनेला आणि अर्थाला? माझ्या मते उत्तर दुसरं. 'अ रेड बिग कार' ही ओळ व्याकरणबाह्य नाही, कारण तिला निदान एक वैध रचना आणि एक वैध अर्थ आहे. कुठलाही संदर्भ नसताना, आघाताशिवाय, 'लाल आणि मोठी' एवढ्याच अर्थाने ती वापरली, तर चिंक्वे म्हणतील रचनाच चुकली आणि मी म्हणेन निवड चुकली. आमचा वाद एवढ्याच जागेपुरता उरतो. तिथेही माझा कल निवडीकडे आहे, कारण या क्रमामागे अर्थातलं कारण सापडतं.

ते कारण स्कॉन्त्रास, डेगन आणि गुडमन यांनी 2017 साली प्रयोगाने मांडलं. एखाद्या विशेषणाबद्दल दोन माणसांचं मत जितकं वेगळं पडू शकतं, तितकं ते विशेषण नामापासून लांब राहतं. गाडी लाल आहे की नाही, यावर सहसा भांडण होत नाही. ती मोठी आहे की नाही, हे कशाच्या तुलनेत पाहता त्यावर ठरतं. सुंदर आहे की नाही, हे तर ज्याचं त्याने ठरवावं. म्हणून इंग्रजीत सुंदर, मोठी, लाल, गाडी असा क्रम लागतो. ज्यावर एकमत आहे तो शब्द आधी नामाला जोडला की बोललेली वस्तू ऐकणाऱ्याला कमी गोंधळात सापडते, असं याचं स्पष्टीकरण पुढे दिलं गेलं. याच्या उलट जाणाऱ्या बोलण्याचा अर्थ लागतो, पण ऐकणारा शोधू लागतो, की याने क्रम का फिरवला? मग तो आघात शोधतो, गट शोधतो, जात शोधतो. काहीच सापडलं नाही की त्याला खटकतं.

क्रम हा नियम आहे की पसंती, हे तपासायचं असेल तर प्रयोग अवघड नाही, पण तो बिघडवणं फार सोपं आहे. दोन क्रम आणि दोन संदर्भ घ्या : एक तटस्थ, 'रस्त्यावर काय पाहिलंस?' असा, दुसरा वर सांगितलेल्या वाहनतळासारखा, तुलनेचा. शेजारी वचनाची खरी चूक असलेली वाक्यं त्याच दोन संदर्भांत ठेवा. 1 ते 7 गुण द्यायला सांगा. एकाच नामाचे दोन्ही क्रम एका माणसाला दाखवू नका, नाहीतर तो तुलना करून गुण देतो. त्यासाठी चार वेगळ्या याद्या लागतात. मध्ये असंबद्ध वाक्यं भरपूर पेरा, म्हणजे प्रयोग कशाबद्दल आहे हे उमगणार नाही. आणि वाक्यं ऐकवा. कागदावर आघात दिसत नाही; वाचणारा मनात सपाट सुरात वाचतो आणि तुलनेच्या संदर्भातही 'रेड बिग'ला कमी गुण देतो. हा प्रयोग फसण्याचं सर्वात मोठं कारण हेच. दुसरं, ज्यांनी शाळेत मत-आकार-वय-आकृती-रंग अशी सुरू होणारी आठ पायऱ्यांची यादी पाठ केली आहे, ते कानाऐवजी यादीला विचारून गुण देतात.

निकाल वाचताना सरासरीवर भिस्त ठेवू नका, दरी पाहा. तटस्थ संदर्भातून तुलनेच्या संदर्भात गेल्यावर दोन क्रमांमधली दरी आटली आणि वचनाच्या चुकीची दरी तशीच राहिली, तर क्रम ही पसंती आहे. दोन्ही दऱ्या तशाच राहिल्या, तर मला माझं मत सोडावं लागेल. कॉर्पस म्हणजे भाषेच्या नमुन्यांचा मोठा संग्रह, पण त्यातली मोजणी इथे फारशी कामी येत नाही. दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्येही एखादी रचना विरळ सापडली, तर ती निषिद्ध आहे की तिची गरजच क्वचित पडते, हे आकडा सांगत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. निबंधात 'आय सॉ अ रेड बिग कार' आलं, तर दुरुस्त जरूर करा, पण 'टू बिग कार' किंवा 'अ बिग कार्स'इतके गुण कापू नका. शेजारी विचारा, की इथे आणखी मोठ्या गाड्या आहेत का? विद्यार्थ्याने खरोखर त्यांच्यातून लाल गाडी वेगळी काढली असेल, तर वाक्य तसंच राहू द्या. नसेल, तर 'बिग' आधी आणायला सांगा आणि कारणही सांगा : मोठेपणावर दुमत होऊ शकतं, लालपणावर क्वचित. आठ पायऱ्यांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे कारण अधिक दूर नेतं, कारण यादीत नसलेलं विशेषण समोर आलं तरी ते कुठे ठेवायचं, याचा अंदाज त्याला स्वतःला बांधता येतो.