ओहाला : ऐकू येणारा, पण न जाणवणारा अल्ला

नमस्कार श्रोतेहो. आज एकाच शब्दापासून सुरुवात करू या. माद्रिदमधला शेतकरी असो की मेक्सिकोतली शाळकरी पोर, आकाशाकडे बघून म्हणणार, "ओहाला युएवा." म्हणजे, पाऊस पडू दे बाई एकदाचा. त्यातला 'युएवा' म्हणजे पडो. आणि 'ओहाला'? स्पॅनिश शब्दकोशात 'इच्छा दाखवणारं केवलप्रयोगी अव्यय' अशी त्याची नोंद आहे. आपल्या 'देव करो आणि पाऊस पडो' यातल्या 'देव करो'च्या जागी तो बसतो. फरक एवढाच, की आपल्या बोलण्यातला देव आपल्याला दिसतो आणि त्यांचा त्यांना दिसत नाही.

तो आहे मात्र तिथेच. शब्दाचा शेवट पुन्हा ऐका : ओहा-ला. जोर शेवटच्या 'ला'वर येतो. हा 'ला' म्हणजे 'अल्ला'चं शेपूट. स्पेनमध्ये बोलल्या जाणाऱ्या अरबीत एक वाक्य होतं, 'लव शा ल्लाह'. अर्थ, 'देवाच्या मनात असतं तर'. त्या अख्ख्या वाक्याचा मिळून हा एक शब्द झाला.

'शा'चा 'हा' कसा झाला असं तुम्ही विचाराल. जुन्या स्पॅनिशमध्ये हा शब्द 'ओशाला' असाच उच्चारत, आणि त्यातला 'श' एक्स हे अक्षर वापरून लिहीत. आपल्याकडे गोव्यात रोमी लिपीतली कोकणी वाचणाऱ्यांना हे नवं नाही, तिथेही एक्स म्हणजे 'श'च. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पॅनिशमधला हा 'श' घशाकडे सरकत गेला आणि त्याचा खरखरीत 'ख' किंवा 'ह' झाला. तेव्हा मेशिकोचं मेहिको झालं आणि ओशालाचं ओहाला. पोर्तुगीज भाषेत तसं घडलं नाही. लिस्बनमध्ये आजही 'ओशाला'च म्हणतात, त्यामुळे मूळ अरबी ऐकायचं असेल तर पोर्तुगीज माणसाला बोलतं करावं.

आता त्या पहिल्या 'लव'कडे जरा थांबून बघू. आपल्यापैकी बरेच जण सांगतील, की ओहाला म्हणजे 'इन्शाल्ला'. बहीण म्हणा हवी तर, पण जुळी नव्हे. अरबीत 'जर' दोन प्रकारचा असतो. 'इन' हा होऊ शकेल अशा गोष्टीचा 'जर' : उद्या येईन, देवाची इच्छा असेल तर. 'लव' हा हातातून निसटलेल्या, न घडणाऱ्या गोष्टीचा 'जर' : तसं असतं तर! स्पॅनिशमध्ये ओहालाने दोन्ही कामं उचलली. 'ओहाला युएवा' म्हणजे पाऊस पडो, अजून आशा आहे. 'ओहाला योबिएरा' म्हणजे पाऊस पडता तर किती बरं झालं असतं, पण लक्षण काही दिसत नाही. 'पडो' आणि 'पडता तर' हा भेद मराठीत क्रियापदाने होतो, तसाच तिथेही क्रियापदानेच होतो. ओहाला जागचा हलत नाही.

धार्मिक अर्थ गेला हे कशावरून म्हणायचं? मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो असा. स्पॅनिश माणसाला इच्छा सांगताना खरंच देवाला मध्ये आणायचं असलं, तर तो म्हणतो, "ओहाला दिओस किएरा." दिओस म्हणजे देव, किएरा म्हणजे इच्छा करो. शब्दशः पाहिलं तर 'देवाच्या मनात असतं तर, देवाच्या मनात येवो'! एका वाक्यात देवाला दोनदा हाक मारली जाते, आणि बोलणाऱ्याला ती एकदाच ऐकू येते. उलट टोकाला बघा, भांडणात "ओहाला ते मुएरास" असा शिव्याशापही देतात, मर मेल्या. एक कट्टर नास्तिकही हा शब्द दिवसभर वापरतो आणि त्याला खटकत नाही.

पण हा अर्थ 'विरला' असं म्हणताना आपण एक गृहीत धरतो, की आधी तो इस्लामी होता आणि मग ख्रिस्ती लोकांनी तो पुसला. मला हे तितकं सरळ वाटत नाही. 711 साली मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या, 1492 साली तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानाडा पडलं. मधल्या शतकांत तिथले कितीतरी ख्रिस्ती आणि ज्यू घरात-बाजारात अरबी बोलत, आणि अरबी बोलणारा ख्रिस्ती देवाला अल्लाच म्हणतो, आजही म्हणतो. म्हणजे हा उद्गार शेजारच्याकडून उसना घेतला तेव्हाच तो बोलण्यातली सवय झाला होता, आपल्या 'रामराम'सारखा. 1567 साली राजा दुसऱ्या फिलिपने ग्रानाडातल्या मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना, अरबी बोलायला-लिहायला बंदी केली. 1609 पासून त्यांना देशाबाहेरच घालवलं. ओशालाला मात्र कुणी हात लावला नाही. तो परका आहे हे कोणाच्या ध्यानात यावं इतका तो परका उरलाच नव्हता.

काही शब्दांचं नशीब याहून वाकडं निघालं. अरबीत 'मिस्कीन' म्हणजे गरीब, लाचार. कुराणात दानाचे हक्कदार मोजताना मिस्कीनांचं नाव आहे. तोच स्पॅनिशमध्ये 'मेस्कीनो' झाला आणि आधी बिचारा, दीनवाणा या अर्थानेच चालला. पुढे दीन माणसाकडून क्षुद्र माणसाकडे आणि तिथून हात आखडणाऱ्याकडे तो घसरला. आज मेस्कीनो म्हणजे चिक्कू, कोत्या मनाचा. ज्याला दान द्यायचं त्याचं नाव, जो दमडी सोडत नाही त्याला चिकटलं. 'सलाम'चंही असंच. त्यापासून 'थालेमा', वाकून केलेला मुजरा, आणि 'थालामेरो' म्हणजे गोड बोलून लाळघोटेपणा करणारा. सलाम ठोकणारे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे हे समजायला वेळ लागू नये.

जाता जाता एक सावधगिरी. बैलझुंजीतला 'ओले!' हाही अल्लाच आहे असं पर्यटकांना हमखास सांगतात. गोष्ट छान आहे, पण तज्ज्ञांचं त्यावर एकमत नाही. ओहालाच्या बाबतीत वाक्य, ध्वनी आणि अर्थ तिन्ही जुळतात. 'ओले'ला नुसता आवाज जुळतो, आणि कुठल्याही भाषेत आनंदाने ओरडणारा माणूस साधारण असाच ओरडतो.

आणि एक उलटा प्रवास. 1492 साली स्पेनमधून हाकललेले ज्यू आपली स्पॅनिश बरोबर घेऊन इस्तंबूल, सालोनिकाकडे गेले. ते 'श'चा 'ह' व्हायच्या आधी निघाले, त्यामुळे स्पेनमध्ये 'म्हणाला' याला 'दिहो' म्हणतात तिथे त्यांच्या बोलीत 'दिशो' टिकलं. पण रविवारचं काय करायचं? स्पॅनिशमध्ये रविवार म्हणजे 'दोमिंगो', प्रभूचा वार, आणि तो प्रभू ख्रिस्ताचा. गोव्यातल्या दुमिंग या नावात हाच वार आहे. ज्यूंच्या जिभेवर तो कसा बसावा? त्यांनी अरबीतला साधा 'अल्हाद' धरला. अर्थ फक्त 'पहिला'. म्हणून मुसलमानांच्या भाषेतला शब्द त्यांनी शेकडो वर्षं सांभाळला, कारण त्यात कोणाचाच देव नव्हता.