जुन्या दागिन्यांची पुडी विकायची, तर भाव कसा काढायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

कपाटाच्या तळाशी एक पुडी असते. तुटलेली साखळी, एकाच कानातलं कर्णफूल, खडा निखळलेली अंगठी, कुणाच्या तरी बांगड्या. एक दिवस ती विकायची ठरते. समोरचा माणूस सगळं एकदम तराजूत टाकतो, वर बघून म्हणतो, "खडे आहेत, डाख आहे, पाच ग्रॅम वजा करू आणि सगळं अठरा कॅरेटने धरू." आणि आपण मान डोलावतो, कारण त्या दोन शब्दांपुढे आपलं काही चालत नाही. खडे आणि डाख. आज या दोघांचाच हिशेब घालू. कसोटीवर रेघा ओढण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा थोडं अधिकारानं बोलते.

उदाहरणासाठी एक पुडी घेऊ, बासष्ट ग्रॅमची. पैसे मी मुद्दाम सांगत नाही, कारण भाव रोज बदलतो. आपण फक्त यात शुद्ध सोनं किती ग्रॅम आहे ते काढायचं. तो आकडा हातात आला की त्या दिवसाच्या शुद्ध सोन्याच्या दरानं गुणणं कुणालाही जमतं.

पहिलं काम, पुडी एकत्र तोलायची नाही. तीन ढीग करायचे. बिनखड्याचं, बिनजोडाचं एकीकडे. दुरुस्त केलेलं, जोडलेलं दुसरीकडे. खड्यांचं तिसरीकडे. प्रत्येकावरचा शिक्का भिंगातून बघायचा. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ७५० म्हणजे अठरा, ५८५ म्हणजे चौदा. आकडा दर हजारी आहे, म्हणजे ९१६ च्या एका ग्रॅममध्ये ०.९१६ ग्रॅम शुद्ध सोनं. एखादा दागिना नामांकित घडणीचा किंवा खरोखर पुरातन वाटला, तर तो या हिशेबातच आणू नका. त्याची किंमत धातूच्या पलीकडे असू शकते.

आपल्या पुडीत पहिल्या ढिगात दोन भरीव बांगड्या निघाल्या, चोवीस ग्रॅम, ९१६ च्या. शुद्ध सोनं सुमारे बावीस ग्रॅम. इथे घासाघीस करण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या ढिगात वीस ग्रॅमची साखळी, जागोजागी जोडलेली. आता डाख म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. सांधा जोडताना मूळ सोन्याच्या आधी वितळेल असा मिश्रधातू लागतो, म्हणून त्यात सोनं कमी आणि चांदी, तांबं, जस्त जास्त घालतात. शिक्का ९१६ चा असला तरी सांध्यातला तुकडा ९१६ चा नसतो, हे खरं. पण तो तुकडा असतो किती? भिंगातून बघा: जोडाच्या जागी रंग जरा फिका किंवा काळपट दिसतो, कडेला भरतीच्या पाण्यासारखी रेघ असते. साखळीचे सगळे सांधे मिळून वजनाचा विसावा हिस्सा धरला, तरी तो एक ग्रॅम होतो. त्यात निम्मं सोनं धरा. उरलेल्या एकोणीस ग्रॅमचं सोनं १७.४, डाखातलं अर्धा, एकूण १७.९. डाख मुळीच नसता तर १८.३ आलं असतं. म्हणजे एवढ्या गवगव्याचा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत!

पण एक सांधा मात्र खरंच घातक असतो. कुणीतरी घाईत कथील-शिशाचा डाख लावलेला असतो. तो राखाडी, फुगीर, गोळ्यासारखा दिसतो आणि सुईनं सहज ओरखडा उठतो. शिसं थोडंसं जरी सोन्यात मिसळलं तरी सगळा रस ठिसूळ होतो, घडवताना तडकतो. तेव्हा खरेदीदारानं तो तुकडा वेगळा काढून कमी भाव लावला तर त्याचं चुकत नाही. तुम्हीच आधी तो जोड कापून बाजूला ठेवा, म्हणजे त्या एका सांध्यापायी सगळ्या साखळीचा भाव पडणार नाही.

शिवाय, यंत्रावर तपासायला दिलंत तर कुठे तपासतात ते बघा. हे एक्स-रे यंत्र वरच्या अगदी पातळ थराचंच वाचतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोल. नेमकं डाखावर ठेवलं तर सोनं कमी दाखवेल, वर मुलामा असेल तर जास्त. भिंगात जोड न दिसणारी जागा थोडी कानसून मग तपासायला सांगा, आणि दोन-तीन जागी.

आता खडे. तिसऱ्या ढिगात अठरा ग्रॅमच्या अंगठ्या आणि कर्णफुलं, ७५० ची. बारा पांढरे गोल खडे, चार मिलिमीटरचे, आणि दोन लांबट लाल. खडे न काढताही वजनाचा अंदाज येतो, कारण माप आणि जात कळली की वजन ठरतंच. चार मिलिमीटरचा हिरा साधारण पाव कॅरेट भरतो; हा कॅरेट सोन्याच्या शुद्धतेचा नव्हे, खड्याच्या वजनाचा. झिरकॉनियाचा, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम जातीचा, तेवढाच खडा जड, सुमारे ०.४१ कॅरेट. पाच कॅरेटचा एक ग्रॅम, म्हणून आपले बारा खडे झिरकॉनियाचे धरले, तर मिळून साधारण एक ग्रॅम. लाल खडे दहा बाय आठ मिलिमीटरचे, पाच मिलिमीटर जाड. माणिकाच्या जातीचे धरले, तर प्रत्येकी सव्वातीन कॅरेटच्या आसपास, दोन्ही मिळून सव्वा ग्रॅम. लाख, मळ आणि फासाची पोलादी स्प्रिंग मिळून पाव ग्रॅम. वजा झाले अडीच ग्रॅम, पाच नव्हे. उरलं साडेपंधरा, त्यातलं शुद्ध सोनं ११.६.

पाच वजा केले असते तर ९.७५ आलं असतं. म्हणजे नुकसान डाखात नव्हतं, खड्यांच्या अंदाजात होतं. डबीसारख्या बंद कोंदणात खड्याची जाडी दिसत नाही, तिथे हा हिशेब चुकू शकतो. म्हणून माझा आग्रह असतो, खडे समोर काढायला लावा आणि काढलेले खडे स्वतः तोला. पाचू, ओपल, मोती हे आच सोसत नाहीत. वितळवण्याआधी ते बाहेर आलेच पाहिजेत. आणि खडे परत मागा. लहान खड्यांना खरेदीदार बहुतेक काहीच देत नाही, पण मग ते ठेवूनही घेऊ नये.

बेरीज करू: २२, १७.९ आणि ११.६. साडेएक्कावन्न ग्रॅम शुद्ध सोनं. सुरुवातीच्या हिशेबानं, सत्तावन्न ग्रॅम आणि सगळं अठरा कॅरेट, बेचाळीस-पावणेत्रेचाळीसच येत होतं. एक कमी कॅरेटची चीज सगळ्या पुडीचा भाव ठरवते, ती अशी. यातून वितळवण्याची घट, शुद्धीकरण आणि समोरच्याचा नफा मिळून दोन ते पाच टक्के गेले तर मी रास्त म्हणेन. म्हणजे एकोणपन्नास ते साडेपन्नास ग्रॅमचे पैसे मिळावेत.

आता शेवटची पडताळणी. खडे काढल्यावर साडेएकोणसाठ ग्रॅम धातू मुशीत जाईल आणि थोडी घट धरून एकोणसाठच्या आसपास लगड निघेल. आपला अंदाज बरोबर असेल तर तिचा कस ८७० च्या जवळ यायला हवा. समजा ८४५ आला. तर आपल्या हिशेबात दीड ग्रॅमहून जास्त सोनं कमी आहे, आणि मी आधी साखळीकडे बोट दाखवेन: एक तर डाख आपण धरला त्याहून जास्त, नाहीतर शिक्का ९१६ चा आणि आतलं सोनं त्याहून हलकं. म्हणूनच शक्य असेल तर साखळी वेगळी वितळवायला सांगा. मग बांगड्यांचा भाव तिच्यापायी खाली येत नाही.

नमस्कार.