काटा कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो. यंदा माझी सासरची पहिली संक्रांत झाली. काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने, असा एक फोटो नणंदेनं काढला आणि म्हणाली, "वहिनी, टाक की स्टेटसला. खाली दोन ओळी लिही फक्त." त्या दोन ओळींनी मला हळदीकुंकवापेक्षा जास्त घाम फोडला.

पहिल्यांदा लिहिलं, 'सासर नव्हे, माहेरच.' लगेच पुसलं. आईला वाचून काय वाटलं असतं? मग लिहिलं, 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' हे तर सगळ्यांच्याच फोटोखाली असतं. माझ्या फोटोत माझं काय होतं?

होता तो हलवा. माझ्या सासूबाईंनी तो आठ दिवस आधीपासून घरी केला होता. रोज सकाळी मंद आचेवर परात ठेवायची, तिच्यात भाजलेले तीळ. शेजारी साखरेचा पाक, तोही पातळच. पाक चमचाभर घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं, तो सुकेपर्यंत. सुकला की पुढचा चमचा. घाई करून दोन चमचे एकदम घातले की तीळ एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच वाढली तर साखर पिवळी पडते. आणि सगळं जमलं, तरच चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्यावर बारीक टोकं उठतात. त्याला म्हणायचं काटा येणं. हवा थंड, कोरडी असली तर काटा छान येतो, म्हणून पहाटेच बसायचं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "आई, बिघडला तर?" म्हटलं. "तर खाऊ," म्हणाल्या. माझ्या वाट्याचे मूठभर दाणे शेवटपर्यंत गुळगुळीतच राहिले. माझा हात थांबत होता, चटका बसतो म्हणून. त्यांची बोटं मात्र परातीत फिरतच राहायची.

संक्रांतीला त्याच हलव्याचा तन्मणी, बाजूबंद, नथ. पंचवीस-तीस बायका एकामागून एक येत होत्या, नाव घ्यायला लावत होत्या. माझ्या तळव्यांना असा घाम, की बांगडीचे दोन दाणे विरघळून मनगटाला चिकटले. आईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. पदरानं माझं मनगट टिपलं आणि कुंकवाची कोयरी पुन्हा माझ्या हातात दिली.

रात्री तेच आठवत लिहिलं: 'पहिली संक्रांत. हलव्यावरचा काटा आईंचा, अंगावरचा माझा.'

टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. चष्मा वर सरकवून त्यांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "अगं, तन्मण्यात खालचे चार गुळगुळीत दाणे आहेत बघ, ते तुझे. मुद्दाम लावलेत. तेही लिही."