भाकरी किती लांब जाते? नव्या थाळीची जाहिरात लिहिताना

(टिळकवाडीत घरगुती क्लाउड किचन चालवणाऱ्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. नवा पदार्थ सुरू करताना आपण फोटोखाली ज्या आठ-दहा ओळी टाकतो, त्या कशा लिहायच्या. माझं सगळं स्वयंपाकघर हिंदवाडीतल्या एका खोलीत आहे. दुकान नाही, पाटी नाही, बसायला टेबल नाही. म्हणजे गिऱ्हाईक माझ्या दारात येतं ते त्या आठ-दहा ओळींतून. तिथे जे लिहिलं तेवढंच त्याला माझ्याबद्दल ठाऊक.

पहिल्या वर्षी मी भाकरी-वांग्याची थाळी काढली तेव्हा असं लिहिलं होतं: ‘खवय्यांसाठी खुशखबर! अस्सल गावरान चव आता तुमच्या दारी. बेळगाव शहरात कुठेही घरपोच. उद्घाटनानिमित्त खास सवलत. आजच ऑर्डर करा.’ जुलै महिना होता, पावसानं झोडपून काढलं होतं, आणि कंग्राळीहून चार थाळ्यांची ऑर्डर आली. कुठेही म्हटलंय तर पाठवायलाच हवी. मुलगा दुसऱ्या रेल्वे गेटपाशी अडकला, पुढे पाण्यातून वाट काढत गेला. तासाभरानं फोन आला, ‘वहिनी, वांगं झकास आहे हो, पण भाकरी वातड आल्या की!’ त्यांनी ओरडा केला नाही, पैसेही परत मागितले नाहीत. पण त्या घरातून पुन्हा ऑर्डर आली नाही. त्या दिवशी मला कळलं की चूक पोचवणाऱ्या मुलाची नव्हती, पावसाची नव्हती. ‘कुठेही’ हा शब्द माझा होता.

किती लांब पोचवायचं हे आपण नकाशावर बोट ठेवून ठरवतो. खरं तर ते पदार्थ ठरवतो. बिर्याणी पाऊण तासानं उघडली तरी बिर्याणीच असते. ज्वारीच्या भाकरीचं तसं नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून तर आपण उकळतं पाणी ओतून पीठ मळतो. त्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि भाकरी थापताना फाटत नाही. पण गार होऊ लागली की तोच स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि भाकरी ताठ होते. दुसरीकडे, तव्यावरून उतरवली आणि लगेच फॉइलमध्ये गुंडाळली तर वाफ आत कोंडते, तिचं पाणी होतं, भाकरी ओली होऊन चिकटते आणि मग निवताना वातड होते. म्हणजे दोन्हीकडून वेळ कमी.

म्हणून मी एका दुपारी चार भाकऱ्या केल्या. टोपलीत पालथ्या घालून दोन मिनिटं वाफ जाऊ दिली, मग बटर पेपरमध्ये गुंडाळून वरून फॉइल लावलं आणि पिशवीत ठेवल्या. वीस मिनिटांनी एक उघडली, चाळिसाला दुसरी, पन्नासाला तिसरी, तासाला चौथी. प्रत्येक वेळी अर्धी दुमडून पाहिली. चाळीस मिनिटांपर्यंत भाकरी दुमडते, पन्नासाला घडीवर चीर जाते, तासाला तुकडा पडतो. ही माझ्या पिठाची, माझ्या पॅकिंगची वेळ. तुमची तुम्ही काढायची, कारण ज्वारी बदलली, भाकरीची जाडी बदलली की ही वेळही बदलते.

आता त्या चाळीस मिनिटांतून वजाबाकी करा. पॅकिंगला सहा, मुलगा येऊन उचलेपर्यंत दहा, घर शोधून हातात देईपर्यंत चार. राहिली वीस मिनिटं. आपल्या रस्त्यांवर, सिग्नल आणि गेट धरून, दुचाकी तासाला पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही असं मी धरते. वीस मिनिटांत झाले पाच किलोमीटर. पावसासाठी एक सोडला, उरले चार. आणि हे चार रस्त्याचे, पक्ष्याच्या उडण्याचे नव्हेत. ॲपवर वर्तुळ काढलं की ते सरळ रेषेत मोजलं जाऊ शकतं, आणि रेल्वेरुळापलीकडचं जे घर नकाशावर तीन किलोमीटर दिसतं, तिथे जाताना गाडीचा काटा पाचावर जातो.

म्हणून जाहिरातीत मी नुसतं ‘चार किलोमीटर’ लिहीत नाही. वाचणाऱ्या बाईला आपलं घर माझ्यापासून किती लांब हे कुठे माहीत असतं? मी गावं लिहिते: हिंदवाडी, टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव, उद्यमबाग. आणि पुढच्या ओळीत न चुकता: शाहूनगर, हिंडलगा, कंग्राळीला भाकरी पोचत नाही, तिथे कडक भाकरी पाठवतो. कडक भाकरी मुळातच वाळवून कुरकुरीत केलेली, तिला घाई नाही. ‘नाही’ लिहायला आपल्याला संकोच वाटतो, गिऱ्हाईक जाईल असं वाटतं. पण शाहूनगरच्या बाईला आधीच कळलं की ती कडक भाकरी मागवते आणि तिला हवं ते मिळतं.

आता पॅकिंगचं. भरल्या वांग्याला तेल सुटतं. शेंगदाण्याचं कूट, तीळ, कारळ, सुकं खोबरं, सगळी तेलाची बी. मी आधी उसाच्या चोयट्यापासून बनवलेले डबे आणले. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, चांगलं वाटलं. अर्ध्या तासात डब्याच्या बुडाला तेलाचा डाग उमटला आणि पिशवी माखली. आता वांगं आणि आमटी झाकणाच्या गोल प्लास्टिक डब्यात, पॉलिप्रॉपिलीनच्या, ज्याच्या बुडाला त्रिकोणात पाचचा आकडा असतो. तो गरम पदार्थ सोसतो. भात आणि कोरडी शेंगाचटणी चोयट्याच्या ताटलीत. दही वेगळ्या छोट्या डबीत आणि गरम डब्यापासून लांब, नाहीतर पोचेपर्यंत ताक होतं. चमचा लाकडी, कारण प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. आणि छापील वर्तमानपत्रात भाकरी गुंडाळू नका. शाई अन्नाला लागते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही त्याला मनाई केली आहे.

जाहिरातीत यातलं काय लिहायचं? ‘पर्यावरणपूरक पॅकिंग’ हे शब्द मी काढून टाकले. माझा एक डबा प्लास्टिकचा आहे, मग ते खोटं होईल. मी वापरायचं कसं ते लिहिते: भाकरी कागदात, वांगं डब्यात, डबा झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये चालतो, भाकरीचं फॉइल मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तव्यावर पाण्याचा हात फिरवून गरम करा. या एका ओळीनं ‘भाकरी गार आली’ असे फोन थांबले. शेंगदाणे आणि तीळ आहेत, हेही लिहिते. एखाद्या लेकराला शेंगदाणा सोसत नसला तर त्याच्या आईला ते जेवणाआधी कळायला हवं.

किमतीपाशी मात्र आपण सगळ्याच जणी अडखळतो, म्हणून ती नीट मांडते. माझ्या एका थाळीला सामान ५८ रुपयांचं, पॅकिंग १७, गॅस आणि मदतीच्या बाईची मजुरी मिळून २२. झाले ९७. सुरुवातीची किंमत मी १२९ ठेवली. थेट मला व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली तर ३२ रुपये हातात. आता तीच १२९ ॲपवर लावली तर? समजा त्यांचं कमिशन पंचवीस टक्के. म्हणजे ३२ रुपये, त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी म्हणजे आणखी सहा. हातात आले ९१. थाळीमागे सहा रुपये मी माझ्या खिशातून घातले, आणि जितक्या जास्त थाळ्या गेल्या तितका खड्डा मोठा. पहिल्या आठवड्यात ऑर्डरी धो धो आल्या म्हणून आपण खूश असतो आणि महिनाअखेरीला पैसे कुठे गेले ते कळत नाही. ते असे जातात. म्हणून १२९ फक्त थेट ऑर्डरीला, ॲपवर पहिल्या दिवसापासून १५९. त्यात कमिशन आणि कर जाऊन ११२ येतात, १५ रुपये सुटतात. आणि थेट ऑर्डरीत पोचवण्याचे २० रुपये वेगळे, तेही लिहायचे. नाहीतर त्या ३२ मधले वीस पेट्रोलला जातात.

दुसरं, मी ‘१५९ ऐवजी फक्त १२९’ असं लिहीत नाही. थेट ऑर्डरीत ही थाळी मी कधी १५९ ला विकलेलीच नाही, मग खोडलेला आकडा दाखवणं बरोबर नाही. मी लिहिते, अमुक तारखेपर्यंत १२९, त्यानंतर १५९. पुढची किंमत आधीच सांगितली की एक तारखेला कुणी ‘भाव वाढवलात’ म्हणत नाही.

आणि नाव. आपल्याकडे निम्मी गिऱ्हाइकं घरात कन्नड बोलतात. त्यांच्यासाठी भरलं वांगं म्हणजे एण्णेगाई. दोन्ही नावं पहिल्याच ओळीत घ्या, कारण इन्स्टाग्रामवर सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसतो, बाकीचा दाबल्यावर उघडतो. पदार्थ आणि किंमत त्या दिसणाऱ्या भागात यायलाच हवी. मी शेवटी लिहिलेला मजकूर असा:

‘भरलं वांगं (एण्णेगाई) – ज्वारीची भाकरी थाळी, १२९ रुपये, ३० नोव्हेंबरपर्यंत. १ डिसेंबरपासून १५९. ही किंमत व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरीसाठी, पोचवण्याचे २० वेगळे.
थाळीत: २ भाकरी, ३ वांगी, आमटी-भात, शेंगाचटणी, दही. शेंगदाणे, तीळ आहेत.
मऊ भाकरी: हिंदवाडी, टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव, उद्यमबाग. शाहूनगर, हिंडलगा, कंग्राळीला कडक भाकरी.
वांग्याचा डबा झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये चालतो. फॉइल घालू नका, भाकरी तव्यावर गरम करा.
दुपारी १२ ते ३. सोमवारी बंद.’

यात ‘अस्सल’ नाही, ‘गावरान’ नाही, ‘खुशखबर’ नाही. तरी त्या आठवड्यात फोनवर विचारपूस करणाऱ्यांपेक्षा सरळ ऑर्डर देणारे जास्त होते, कारण विचारायचं काही उरलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली होती. फोटोवर मी मोठ्या अक्षरात फक्त १२९ छापलं होतं, तारीख खालच्या मजकुरात. व्हॉट्सॲपवर फोटो पुढे पाठवताना मजकूर मागे राहून जाऊ शकतो. चार डिसेंबरला वडगावच्या एका आजींनी फोटो पाठवून सहा थाळ्या मागितल्या, १२९ च्या भावानं. मी दिल्या. त्यांनी पाहिलेल्या कागदावर तारीख नव्हती, मग तो भाव माझ्यावर बंधनकारकच होता. आता किंमत जिथे छापते, तिथेच तिच्या खाली तेवढ्याच ठळक अक्षरात तारीख छापते.