कोअरची ओळ आधी वाचा

(पडद्यावर फक्त हेपॅटायटिस बीच्या रक्ततपासणीचा एक रिपोर्ट. चार ओळी.)

एचबीएसएजी निगेटिव्ह. अँटी-एचबीएस निगेटिव्ह. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह. अँटी-एचबीसी आयजीएम पॉझिटिव्ह.

पेशंट २६ वर्षांचा, लॅबमध्ये काम करतो. साडेपाच महिन्यांपूर्वी वापरलेली सुई बोटात गेली होती, त्यानं हात धुतला आणि कोणाला काही बोललाच नाही. दोन महिन्यांपूर्वी मळमळ सुरू झाली, भूक गेली, लघवी गडद झाली, मग डोळे पिवळे. तेव्हा एएलटी १८०० होतं, आज १४० वर आलंय, कावीळही जवळजवळ उतरलीये. आणि परीक्षेतल्या अशा केसमध्ये एक वाक्य मुद्दाम घुसवलेलं असतं, की दोन वर्षांपूर्वी हेपॅटायटिस बी लशीचा एक डोस घेतला होता, पुढचे राहूनच गेले.

निदान काय? पर्याय चार: लागण कधी झालीच नाही, लशीमुळे असा रिपोर्ट आलाय, अ‍ॅक्युट इन्फेक्शन आहे, किंवा क्रॉनिक आहे.

इथे घोळ होतो तो असा, की वाचणारा पहिली ओळ बघतो, निगेटिव्ह, म्हणतो व्हायरस नाही. दुसरी बघतो, निगेटिव्ह, म्हणतो प्रतिकारशक्तीपण नाही. मग लशीचं वाक्य आठवतं आणि उत्तर तयार होतं, की लस अर्धवट राहिली, माणूस अजून असुरक्षित आहे, कावीळ दुसऱ्या कशानं तरी झाली असेल. खालच्या दोन ओळी तोपर्यंत नीट वाचलेल्याच नसतात. आणि उत्तर तर तिथेच आहे.

(पडद्यावर व्हायरसचं चित्र: बाहेर आवरण, आत गाभा.)

हे समजायला व्हायरस आधी बघू. पूर्ण व्हायरस साधारण ४२ नॅनोमीटरचा. बाहेर आवरण, त्या आवरणातलं प्रोटीन म्हणजे सरफेस अँटिजेन, एचबीएसएजी. आत गाभा, म्हणजे कोअर, आणि त्याच्या आत डीएनए. आता हा व्हायरस एक विचित्र गोष्ट करतो, लागलेल्या यकृताच्या पेशी नुसती रिकामी आवरणंच ढीगभर बाहेर सोडत राहतात, २२ नॅनोमीटरचे गोळे आणि लांबट नळ्या, आत काही नाही, आणि खऱ्या व्हायरसच्या हजारो पटींनी जास्त. म्हणून रक्तात सरफेस अँटिजेन सापडणं सोपं जातं. १९६० च्या दशकात बरूक ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात जे 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' सापडलं, ते हेच. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कोअरचं तसं नाही. रक्तात तो कायम आवरणाच्या आतच असतो, म्हणून रिपोर्टवर कोअर अँटिजेनची ओळच नसते. एखाद्या पर्यायात 'सीरममध्ये एचबीसीएजी पॉझिटिव्ह' असं दिसलं तर तो पर्याय तिथेच खोडा. आपल्याला मोजता येते ती कोअरविरुद्ध शरीरानं बनवलेली अँटीबॉडी, म्हणजे अँटी-एचबीसी.

आणि लशीत काय असतं? फक्त आवरण. १९८१ मध्ये आलेली पहिली लस तर लागण झालेल्या लोकांच्या रक्तातल्या त्याच रिकाम्या गोळ्यांपासून, नीट शुद्ध करून, बनवली होती. १९८६ पासून ते प्रोटीन यीस्टमध्ये बनवायला लागले. दोन्हीत कोअर नाही. म्हणजे लस घेतलेल्या माणसाला तुम्ही कोट दाखवलाय, कोटाच्या आतला माणूस त्यानं कधी पाहिलेलाच नाही, मग त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनणार तरी कशी.

म्हणून माझं मत असं की तो प्लस-मायनसचा मोठा तक्ता पाठ करत बसण्यापेक्षा कोअरची ओळ आधी वाचा. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर खरा व्हायरस शरीरात येऊन गेलाय किंवा अजून आहे, लशीनं ही ओळ पॉझिटिव्ह होत नाही. तक्ता परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतो आणि हॉलमध्ये उडून जातो, हे कारण एकदा कळलं की राहतं.

(परत रिपोर्ट. तिसऱ्या ओळीवर खूण.)

आपल्या पेशंटची ही ओळ पॉझिटिव्ह आहे. म्हणजे 'लागण झालीच नाही' आणि 'लशीमुळे' हे दोन्ही पर्याय गेले, अजून वरच्या ओळी बघितल्यापण नाहीत. तो एक डोस केसमध्ये फक्त गोंधळ घालायला आहे.

पुढचा प्रश्न, कधी? त्यासाठी चौथी ओळ. आयजीएम ही सुरुवातीची अँटीबॉडी, लक्षणं सुरू होतात त्या सुमारास ती हजर असते आणि बहुतेकांत सहाएक महिन्यांत उतरते, काहींमध्ये जास्त रेंगाळते. मग आयजीजी राहते, साधारणपणे आयुष्यभर. टोटलमध्ये दोन्ही मोजल्या जातात, त्यामुळे नुसती टोटल पॉझिटिव्ह असली तर लागण झाली एवढं कळतं, केव्हाची ते कळत नाही. इथे आयजीएम पॉझिटिव्ह, सोबत दोन महिन्यांपूर्वीची कावीळ, एएलटी चढून उतरतंय, सुई टोचल्यापासून साडेतीन महिन्यांनी आजार सुरू झालाय. हेपॅटायटिस बीचा इन्क्युबेशन पिरियड साधारण दोन ते पाच महिने, सरासरी तीनच्या आसपास, बरोबर बसतंय. अ‍ॅक्युट.

मग सरफेसच्या दोन्ही ओळी निगेटिव्ह का? हाच विंडो पिरियड. आजार बरा होताना सरफेस अँटिजेन कमी कमी होत जातं, आणि त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी खरं तर बनायला लागलेली असते, पण रक्तात तरंगणाऱ्या त्या ढीगभर रिकाम्या आवरणांना ती चिकटून बसते, मोकळी अशी उरत नाही, त्यामुळे टेस्टला दिसत नाही. मग एक वेळ अशी येते की अँटिजेन टेस्टच्या मर्यादेखाली गेलंय आणि मोकळी अँटीबॉडी अजून मर्यादेच्या वर आलेली नाही. काही आठवडे, कधी काही महिने. हल्लीच्या संवेदनशील टेस्टमध्ये ही फट बरीच लहान झालीये, प्रत्यक्षात ती हाती लागेलच असं नाही, पण केस सेट करणाऱ्यांचं या फटीवर फार प्रेम.

आता हाच माणूस पुढेमागे नेऊन बघू, म्हणजे वेगवेगळे रिपोर्ट पाठ करायची गरज पडत नाही.

(पडद्यावर: दोन महिने मागे.)

कावीळ नुकतीच सुरू झाली तेव्हा तपासलं असतं तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस निगेटिव्ह. सरळसोट अ‍ॅक्युट. त्याहून मागे, सुई टोचल्यावर सहाएक आठवड्यांनी, फक्त एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं निगेटिव्ह असंही सापडू शकतं, कारण सरफेस अँटिजेन लक्षणांच्या आणि एएलटीच्याही आधी येतं.

(पडद्यावर: आठ महिने पुढे.)

एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह, टोटल अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. जुनी लागण, बरी झालेली. आणि समजा आठ महिन्यांनी उलटं निघालं, एचबीएसएजी अजून पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, टोटल पॉझिटिव्ह, तर सहा महिन्यांची रेषा ओलांडली, आता क्रॉनिक म्हणायचं. मोठ्या माणसात असं कमी होतं, पाच टक्क्यांपेक्षाही कमी, पण जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास.

दोन ठिकाणी मात्र हा हिशोब चुकवतो. एक, क्रॉनिक पेशंटचा आजार मधेच उसळला तर आयजीएम पुन्हा थोडी पॉझिटिव्ह होते, कावीळ होते, एएलटी चढतं, आणि सगळं अ‍ॅक्युटसारखं दिसतं. तिथे केसमध्ये जुना एचबीएसएजी पॉझिटिव्ह रिपोर्ट कुठे लपवलाय का ते शोधायचं, किंवा सिऱ्हॉसिसच्या खुणा. दुसरं, लस घेतल्यावर पुढचे काही दिवस, कधी दोन-अडीच आठवडेसुद्धा, लशीतलंच अँटिजेन रक्तात सापडून एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊ शकतं. गेल्या आठवड्यात डोस घेतला, एएलटी नॉर्मल, कोअर निगेटिव्ह, तर घाबरायचं नाही, काही आठवडे थांबून पुन्हा तपासायचं.

आणि फक्त टोटल अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, बाकी सगळं निगेटिव्ह, आयजीएमसुद्धा? हा रिपोर्ट एका शब्दात सुटत नाही. बऱ्याचदा जुनी लागण असते आणि अँटी-एचबीएस काळाच्या ओघात मोजता न येण्याइतकी कमी झालेली असते. कधी टेस्टच खोटी पॉझिटिव्ह असते. क्वचित यकृतात व्हायरस असतो आणि सरफेस अँटिजेन दिसत नाही, म्हणून डीएनए तपासतात. लहान बाळात तर ती आईचीच अँटीबॉडी असू शकते, दोन वर्षांपर्यंत.

(पडद्यावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी.)

शेवटची केस. दोघी जणी, दोघींना लिम्फोमा, दोघींना रिटक्सिमॅब सुरू करायचंय. दोघींचं एचबीएसएजी निगेटिव्ह, दोघींचं अँटी-एचबीएस २४०. संरक्षणाची रेषा १०, म्हणजे मिलीलीटरमागे दहा मिली-इंटरनॅशनल युनिट, दोघी तिच्या खूप वर. वरवर रिपोर्ट सारखेच. पण पहिलीची अँटी-एचबीसी निगेटिव्ह, तिनं लस घेतलीये, तिचं औषध हेपॅटायटिस बीच्या काळजीशिवाय सुरू करता येतं. दुसरीची पॉझिटिव्ह. तिला कधीतरी लागण होऊन गेलीये, कदाचित तिला कळलंपण नसेल, आणि बरं झाल्यावरही या व्हायरसचा डीएनए यकृताच्या पेशींच्या केंद्रकात गोल गाठ मारल्यासारखा पडून राहतो, वर्षानुवर्षं. बी-सेल्स संपवणारं औषध दिलं की त्याच्यावरचा पहारा उठतो आणि व्हायरस पुन्हा जागा होतो, कधी कधी जीव जाईल इतक्या जोरात. म्हणून दुसरीचा डीएनए तपासून तिला आधी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करतात, आणि रिटक्सिमॅब संपल्यावरसुद्धा ते किमान १२ महिने चालू ठेवतात.