चिठ्ठीवरची भरती आणि बक्षिसाचा हिशेब

(वर्धा जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंग व डाळमिल चालकांच्या मेळाव्यात एका मनुष्यबळ अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, ज्या जिनिंगमध्ये मी काही वर्षं भरतीचं काम पाहिलं, तिथला एक फेब्रुवारी आधी सांगतो. आवारात कापसाची गंजी लागलेली, आभाळ भरून आलेलं आणि प्रेस बंद. यंत्र ठीक होतं, वीजही होती. प्रेसवरची तेरा माणसं तीन दिवस आलीच नव्हती. त्यांच्या भावकीत लग्न होतं आणि तेराही जण त्या एकाच भावकीतले.

हे घडलं आमच्याच योजनेमुळे. हंगामाच्या तोंडावर माणसं मिळेनात म्हणून आम्ही सूचना लावली होती: कामगाराने माणूस आणावा, तो रुजू झाला की पहिल्याच शनिवारी ३००० रुपये रोख. त्या हंगामात २४ जागा भरल्या. त्यातल्या १९ कुणाच्या तरी चिठ्ठीवर भरल्या आणि त्या १९ मध्ये १३ एकट्या प्रेस मुकादमाच्या. मी त्याला विचारलं होतं, ही पोरं काम करतील का? तो म्हणाला, "साहेब, पोट्टे घरचेच हायेत, मी हाओ ना." आणि मी त्यावर सह्या केल्या. त्याचा दोष मी धरत नाही. आम्ही त्याला माणूस ओळखतोस का, एवढंच विचारलं होतं. त्याचं काम पाहिलंस का, हे विचारलंच नव्हतं.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. रुजू झालेल्या पोरांकडून पहिल्या पगारातले हजार-हजार रुपये परत घेतले गेले होते, "लावून दिल्याचे". म्हणजे मुकादमाला गिरणीकडून ३००० आणि पोराकडून वेगळे. हे नवं नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर माणसं भरायचा आणि कामाला लावल्याची दस्तुरी घ्यायचा. १९३१ साली अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगानेही जॉबरच्या या लाचखोरीची नोंद केली आहे. भरतीची किल्ली एकाच माणसाच्या हाती गेली की तिचं भाडं सुरू होतं.

तरीही मी शिफारस बंद करा म्हणत नाही. गावाकडे अर्ज, बायोडाटा, जुन्या नोकरीची पत्रं यांतून काही कळत नाही. कोण वेळेवर येतो, कोण यंत्रापुढे सावध राहतो, हे सोबत काम केलेल्या माणसालाच ठाऊक असतं. ती माहिती मोलाची आहे. प्रश्न एवढाच की आपण पैसे त्या माहितीचे देतो की नात्याचे?

कोलकात्यात लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जणांना सांगितलं, माणूस आणा, ठरलेली रक्कम मिळेल. काही जणांना सांगितलं, तुम्ही आणलेला माणूस कामात जसा उतरेल तशी रक्कम मिळेल. दुसऱ्या गटाने नातेवाईक कमी आणले, सोबत काम केलेले जास्त आणले. आणि ज्यांची स्वतःची कामातली गती चांगली होती, त्यांनाच हे नीट साधलं. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की जिन फिटर हवा असेल तर चांगल्या फिटरलाच विचारा. सगळ्या आवारात हाळी देऊन उपयोग नाही.

म्हणून दुसऱ्या हंगामात आम्ही रक्कम तीच ठेवली आणि देण्याची वेळ बदलली. रुजू झाल्यावर ५००, पंचेचाळीस दिवसांनी ५००, हंगाम संपताना २०००. कागदावर छान दिसलं. जानेवारीत एक पोरगा तापाने घरी पडला. त्याला आणणारा गडी त्याच्या घरी गेला आणि मोटारसायकलवर बसवून त्याला पाळीवर घेऊन आला. पोरगा काट्याजवळ अंगावर घोंगडं घेऊन थरथरत बसला होता. मी विचारलं तर गडी म्हणाला, "साहेब, खाडा झाला तं माहे दोन हजार जातीन ना." त्या दिवशी मला माझी चूक दिसली. शेवटचा हप्ता मोठा ठेवून मी त्या गड्याला पोराचा राखणदार करून ठेवलं होतं. ऊसतोडीतल्या उचलीने माणूस जसा बांधला जातो, तसंच हे, फक्त रक्कम लहान.

आता हप्ते सारखे आहेत: पहिला पूर्ण पगार झाल्यावर १०००, साठ दिवसांनी १०००, हंगामाअखेर १०००. आजारपणाचे, अपघाताचे दिवस हजेरीतच धरायचे. कापूस संपला म्हणून गिरणीनेच लवकर काम थांबवलं तर उरलेले हप्ते द्यायचे. पोरगा सोडून गेला तर का गेला हे त्याच्याशी बोलून लिहायचं. कारण गिरणीचं असेल, म्हणजे पगार उशिरा दिला, पाळी न सांगता बदलली, मुकादमाने शिवी दिली, तर आणणाऱ्याचा हप्ता बुडवायचा नाही. माणसाच्या पारखीचे पैसे आपण देतोय, आपल्या वागणुकीची जोखीम त्याच्या डोक्यावर टाकायची नाही.

रक्कम सगळ्यांना सारखी. झाडणारी बाई फिटर आणो की लेखनिक हमाल आणो, ३०००. कंत्राटी कामगारालाही तेवढीच, कारण चांगली माणसं बऱ्याचदा त्यांच्याच ओळखीत असतात. फक्त ज्याच्या हाताखाली नवा माणूस काम करणार तो मुकादम आणि निवड करणारे आम्ही लोक, यांना बक्षीस नाही. पैसे रोख नाहीत, पगारपत्रकात दाखवून खात्यात. आणि रुजू होताना नव्या माणसाला मी एकट्याला बसवून सांगतो, तुझ्याकडून कुणी एक रुपया मागितला तर मला सांग, तुझी नोकरी जाणार नाही. पहिल्या पगारानंतर हे पुन्हा विचारतो. पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही, पगार हातात पडल्यावर बोलतात.

हे झालं बक्षिसाचं. पण ओळखीतलाच माणूस आत येत राहतो, हा प्रश्न नुसत्या बक्षिसाने सुटत नाही. तो दारावर सुटतो.

आमच्याकडे आता चिठ्ठी अशी आहे: माणसाचं नाव, तुम्ही त्याला कुठे काम करताना पाहिलं, कोणतं काम, आणि नातं असेल तर कोणतं. नात्यामुळे नाव बाद होत नाही. फक्त सख्खा किंवा चुलत नातेवाईक हाताखाली लागणार नाही. जात आम्ही कुठेही लिहीत नाही, गाव लिहितो. चिठ्ठी पाकिटात घालून बंद होते आणि माणसाला क्रमांक मिळतो. परीक्षा घेणाऱ्याकडे फक्त क्रमांक जातो. तुम्ही म्हणाल, खेड्यात कुणाचा कोण हे लपतं का? आपल्या आवारात लपत नाही, म्हणून परीक्षेला आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या गिरणीचा फिटर बोलावतो आणि त्यांच्या परीक्षेला आमचा जातो.

फिटरची परीक्षा तासाभराची. जिनचं पातं सैल करून ठेवलेलं असतं, ते त्याने बसवायचं. पाहायचं ते आधी हे, की त्याने मेन स्विच बंद केला का, फिरतं थांबल्याची खात्री केली का, मगच हात घातला का. मग मांडणी. पातं चुकीचं बसलं तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत उतरतात आणि गाठीचा भाव पडतो. गुण लिहून सही झाली की मग पाकिटं उघडायची. सहीनंतर गुण बदलायचे नाहीत. हा नियम मी मालकांपुढेही दोनदा धरून बसलो आहे.

आणि निम्म्या जागा चिठ्ठीबाहेरच्या. त्यांची सूचना आठवडी बाजाराच्या दिवशी लागते, सहा-सात ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागते, आयटीआयमध्ये आणि बचत गटांच्या बैठकीत जाते. तिच्यावर काम, पाळी, पगार आणि परीक्षेचा दिवस स्पष्ट लिहिलेला असतो. ज्याचं गिरणीत कुणीच नाही, त्याला आत यायला हा एवढाच रस्ता आहे.

बायांबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे मी स्वतः बरीच वर्षं आंधळा होतो. आमच्याकडे कचरा वेचायला सगळ्या बाया आणि वजनकाट्यावर, प्रतवारीवर सगळे पुरुष. पुरुषांना नावं विचारली की पुरुषांचीच यायची. मलावीत बीमन, केलहर आणि मॅग्रुडर यांनी भरतीच्या अशाच शिफारशी तपासल्या, तो अभ्यास २०१८ चा. तिथेही पुरुषांनी स्त्रियांची नावं फार कमी दिली, पण "स्त्रीचंच नाव द्या" असं सांगितल्यावर त्याच पुरुषांना लायक स्त्रिया सुचवता आल्या. म्हणजे ओळख होती, आठवण होत नव्हती. आम्ही चिठ्ठीवर दोन ओळी केल्या: एक नाव पुरुषाचं, एक बाईचं. बक्षीस दोघांचंही तेच. प्रतवारीच्या परीक्षेत कापसाचे तीन ढीग असतात, ओलावा हाताने अंदाजून सांगायचा, मग मापकावर ताडून पाहायचा. कापूस महामंडळ ८ ते १२ टक्के ओलावा चालवून घेतं, त्यामुळे बाराच्या आसपासचा ढीग ओळखणं हीच खरी पारख. सगळ्यात जवळचा अंदाज सांगणारी बाई वीस वर्षं कापूस वेचत आलेली होती. मूठभर कापूस गालाला लावून तिने सांगितलं, "हा सकाळचा येचलेला हाय, दवाचा." आज ती प्रतवारीवर आहे.

दर तीन महिन्यांनी मी वहीत चार आकडे पाहतो: किती आले, परीक्षेला किती बसले, किती घेतले, किती टिकले. चिठ्ठीचे वेगळे, फलकाचे वेगळे. एका तिमाहीत चिठ्ठीवर ३० आले, त्यातले १० घेतले. फलकावर ६० आले, त्यातले ५ घेतले. पहिला विचार येतो की फलकावरून येणारी माणसंच कच्ची. पण मधला आकडा पाहिला तर चिठ्ठीचे ३० पैकी २८ परीक्षेला बसले होते आणि फलकाचे ६० पैकी १५. बसलेल्यांत निवडीचं प्रमाण जवळपास सारखंच, तिघांत एक. गळती परीक्षेच्या आधीच होत होती. शोध घेतला तर कळलं, फाटकावरचा चौकीदार अनोळखी माणसाला "जागा भरल्या" म्हणून परत पाठवत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला वाटायचं चिठ्ठी लागतेच. आता फाटकावर परीक्षेचा दिवस मोठ्या अक्षरात लिहिलाय आणि आलेल्याचं नाव चौकीदारानेच वहीत घ्यायचं, परत पाठवायचं नाही.

मघाशी एका डाळमिलवाल्या भाऊंनी विचारलं, आमच्याकडे बाराच माणसं, एवढा खटाटोप कसा करायचा? भाऊ, सगळं नका करू. बक्षीस तीन सारख्या हप्त्यांत खात्यात द्या आणि परीक्षेला शेजारच्या मिलचा माणूस बोलवा. पाकीट नसलं तरी चालेल, पण गुण लिहून झाल्याशिवाय "हा कोणाचा?" हे विचारू नका. बारा माणसांत एका घरची चार झाली तर एका मयतीला तुमची तिसऱ्या हिश्श्याची मिल बंद पडते, म्हणून पुढची जागा निघाली की ती आधी बाजाराच्या फलकावर लावा आणि आठ दिवसांनीच आपल्या माणसांना नावं विचारा.