उंबरठ्यावर कोणतं गाणं म्हणावं?

नमस्कार मंडळी. आपल्यातल्या तिघी-चौघींच्या घरी यंदा सून येणार आहे आणि त्या दिवशी काय लावायचं, असं सगळ्या मला विचारतात. म्हणून आमच्या निपाणीच्या घरी घडलेलं सांगते.

माझ्या भाच्याची बायको गोकाकची, घरी कन्नड बोलणारी. वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं. भाकरतुकडा ओवाळून झाला, नणंदांनी दार अडवलं. तेवढ्यात पोरांनी स्पीकरवर ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लावलं. पी. सावळारामांचं ते गाणं सुंदरच आहे, पण ते लेकीची पाठवणी करणाऱ्या आईचं आहे. शब्द कळत नसले तरी सूर कळतोच, पोरीचे डोळे भरून आले. ‘नववधू प्रिया मी बावरते’चंही तसंच आहे. तांब्यांच्या त्या कवितेत जाणकार मृत्यूची चाहूल ऐकतात. गाण्यात नवरी आहे म्हणून ते गृहप्रवेशाचं होत नाही. गाणारा कोण आहे, माहेरचा की सासरचा, एवढं आधी बघा.

आमच्या आत्याबाईंनी स्पीकर बंद करायला लावला आणि तिथल्या तिथं ओवी जुळवली:

गोकाकची लेक बाई, निपाणीच्या दारी आली
मापातल्या तांदळानी, वाट पांढरी गं झाली

बाकीच्या बायकांनी दुसरी ओळ उचलून धरली. ओवीचा फायदा इथंच आहे. नणंदा दार किती वेळ अडवतील, नाव घ्यायला नवरी किती लाजेल, याचा नेम नसतो. ओवी हवी तेवढी लांबवता येते आणि पाऊल आत पडलं की थांबवता येते. रेकॉर्डचं गाणं मात्र नेमकं माप लवंडताना संपतं, नाहीतर सुरुवातीच्या वाद्यांतच अडकून राहतं. गावांची नावं बदलून हीच ओवी तुम्हीही म्हणा. सूर खालचा धरा, म्हणजे सगळ्यांना पेलेल.

मग सुनेबरोबर आलेल्या पाठराखिणीनं ‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा’ धरलं. पुरंदरदासांचं हे पद मूळ लक्ष्मीला बोलावणारं, पण पावलावर पाऊल ठेवत, पैंजण वाजवत ये, असं त्यात म्हटलंय. माप ओलांडणाऱ्या सुनेला याहून चपखल काय असणार? भीमसेनजींमुळे आमच्या मराठी बायकांनाही ते येत होतं. ‘बारम्मा’ आलं की सगळ्या मिळून म्हणायच्या. लक्ष्मीपूजन होईपर्यंत दोन्ही भाषा चालल्या. बेळगाव भागात कितीतरी घरांत सोयरीक अशीच दोन भाषांत होते. तिकडच्या बायका लग्नात सोबाने पदं म्हणतात. विहिणीला विचारा, एखादं नक्की येत असेल.

नवी गाणी नकोत असं मी म्हणत नाही. ती अंगठी शोधायच्या खेळाला ठेवा, तिथं पोरांना हवं ते वाजवू द्या. आमच्याकडे त्या रात्री पहिलं गाणं सुनेनं स्वतःच्या फोनवरून लावलं. कन्नड होतं. आत्याबाईंनी तिला अर्थ विचारला आणि ती पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली.